सूत्रांचा गृहपाठ तपासण्यापूर्वी: शेवटची ओळ आधी

गेल्या सत्रात स्प्रेडशीटच्या गृहपाठाचा गठ्ठा मी प्रत्येक फाइलमधील पहिल्या ओळीचे सूत्र पाहून तपासला आणि जवळजवळ सर्वांना पूर्ण गुण दिले. नंतर एका विद्यार्थिनीनेच मला दाखवले की तिच्या पत्रकात शेवटच्या वस्तूवरची सवलत शून्य आली आहे. म्हणून यंदाची तयारी शेवटच्या ओळीपासून सुरू होते.

फाइलची मूळ प्रत वेगळी ठेवावी, हे सांगायला नको. उत्तरांऐवजी सूत्रे दिसण्यासाठी एक्सेलमध्ये Ctrl+` दाबावे आणि थेट शेवटच्या ओळीवर जावे. सवलतीचा दर F1 मध्ये असताना C2 मध्ये पुढील सूत्र लिहिले, तर तिथले उत्तर अचूक येते.

```
=B2*F1
```

तेच खाली ओढले की C3 मध्ये B3*F2 होते. F2 रिकामा असल्यास उत्तर शून्य येते आणि चूक निदान दिसते. पण तिथे दुसऱ्याच सवलतीचा दर असेल, तर चुकीचे उत्तरही अगदी खरे वाटते. हवे होते $F$1. उलट $B$2 असेही लिहिले असेल, तर सर्व ओळींत एकच आकडा येतो. पहिली ओळ या तिन्ही प्रकारांत बरोबरच असते, म्हणून तिच्याकडे पाहून गुण देऊ नयेत. F1 मधील दर बदलून शेवटची ओळ बदलते का, हेही पाहावे. सूत्रात थेट आकडा लिहिणारे तिथे सापडतात.

VLOOKUP मध्ये तक्त्याला डॉलर चिन्ह नसेल, तर तक्ता प्रत्येक ओळीला एक घर खाली सरकतो आणि त्याच्या वरच्या नोंदी हरवतात. शोधायची वस्तू तक्त्याच्या तळाशी असली, तर उत्तर तरीही बरोबर येते. त्यावर IFERROR चे पांघरूण असल्यास ते काढूनच तपासावे, कारण #N/A लपवून ते शून्य किंवा त्यात लिहिलेले दुसरे काही दाखवते. इथेही शेवटची ओळ पाहावी.

एकात एक बसवलेल्या IF मध्ये अटींचा क्रम पाहावा.

```
=IF(B2>=35,"उत्तीर्ण",IF(B2>=60,"प्रथम श्रेणी","अनुत्तीर्ण"))
```

यात 72 गुणांनाही पहिलीच अट लागू पडते आणि प्रथम श्रेणी कोणालाच मिळत नाही. >= असेल तर मोठी मर्यादा आधी हवी; < वापरले असेल तर लहान आधी, त्यामुळे चढता क्रम दिसताच लाल शाई उचलू नये. 34, 35, 59 आणि 60 हे चार आकडे घालून पाहावेत. विद्यार्थ्यांच्या नमुन्यात ते बहुधा नसतात.

ROUND बेरजेच्या बाहेर आहे की आत, तेही पाहावे: 60.4 तीनदा घेतल्यास बाहेर 181, आत 180. कंस मोजण्यात वेळ घालवू नये. गुण नोंदवण्याआधी पुन्हा एकदा शेवटची ओळ.