क्रॉनची ओळ उजवीकडून वाचा

पलूस तालुक्यातल्या एका दूध संस्थेचं संगणकाचं काम मी बघतो. सकाळ-संध्याकाळ संकलन, लिटर आणि फॅटच्या नोंदी आणि दर दहा दिवसांनी उत्पादकांची बिलं. ही बिलं पहाटे पाचला आपोआप निघावीत म्हणून संस्थेच्या उबुंटू मशीनवर मी जूनमध्ये क्रॉनची, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रामची, एक ओळ लिहिली. महिनाभर सगळं सुरळीत होतं. 1 ऑगस्टला सकाळी सचिवांचा फोन आला, "अवो, काल पण बिलं निघाल्यात आणि आज पण. लोकास्नी दोनदा पैसं द्यायचं व्हय?"

चूक माझीच होती. ती कळण्यासाठी आधी ओळ वाचता यायला हवी.

क्रॉनची वेळ पाच खान्यांत लिहितात. डावीकडून मिनिट (0 ते 59), तास (0 ते 23), तारीख (1 ते 31), महिना (1 ते 12) आणि वार. वारात 0 म्हणजे रविवार, 1 सोमवार, 6 शनिवार. 7 लिहिलं तरी रविवारच. पाच खान्यांनंतर चालवायची कमांड येते. `crontab -e` केलं की स्वतःच्या ओळी लिहायला मिळतात आणि `crontab -l` केलं की लिहिलेल्या दिसतात. (`/etc/crontab` या फाइलीत मात्र कमांडच्या आधी युजरचं नाव लागतं. तिथली ओळ इकडे जशीच्या तशी चिकटवू नका.)

वाचताना उजवीकडून सुरुवात करा. आपण बोलतोच तसं: सोमवारी, सकाळी सहा वाजून पंधरा मिनिटांनी. आधी वार, मग महिना, तारीख, तास आणि शेवटी मिनिट. स्टार दिसला की "कोणताही" म्हणायचं. संकलनाच्या नोंदी पाठवणारी ही ओळ बघा:

```
*/15 6-8,17-19 * * * /home/dudh/nondi.sh
```

कोणताही वार, कोणताही महिना, कोणतीही तारीख, सकाळी 6 ते 8 आणि संध्याकाळी 5 ते 7 या तासांत, दर पंधरा मिनिटांनी. इथे एक गोष्ट नजरेतून सुटते. `6-8` म्हणजे आठ वाजता थांब असं नाही, आठचा तासही त्यात आला. त्यामुळे सकाळची शेवटची फेरी 8:45 ला होते. आठलाच थांबायचं असेल तर `6-7` लिहा आणि आठची एक फेरी हवी असेल तर `0 8` ची वेगळी ओळ घाला. दुसरी नेहमीची चूक म्हणजे `* 6 * * *`. लिहिणाऱ्याला "रोज सहा वाजता" म्हणायचं असतं, पण मिनिटात स्टार असल्यामुळे काम 6:00 ते 6:59 दर मिनिटाला, म्हणजे साठ वेळा होतं. सहा वाजता एकदाच हवं असेल तर मिनिटात 0 पाहिजे.

आता माझी ओळ. मी लिहिलं होतं:

```
0 5 */10 * * /home/dudh/bil.sh
```

दर दहा दिवसांनी, असं मला वाटलं. पण `/10` चा अर्थ "मागच्या वेळेपासून दहा दिवसांनी" असा होत नाही. मागच्या वेळी काम कधी झालं याची क्रॉन आठवणच ठेवत नाही. तो त्या खान्याच्या पहिल्या आकड्यापासून दहा-दहाच्या उड्या मारतो. तारखेचा खाना 1 पासून सुरू होतो, म्हणून 1, 11, 21 आणि 31. जूनचे दिवस तीसच, त्यामुळे घोटाळा लपून राहिला. 31 जुलैला 21 ते 30 ची बिलं निघाली आणि दुसऱ्याच दिवशी 21 ते 31 ची. वर्षात असे सात महिने. मिनिटांचंही तसंच आहे: `*/45` लिहिलं तर काम 0 आणि 45 व्या मिनिटाला होतं, म्हणजे एकदा पाऊण तासाने आणि लगेच पुढे पंधरा मिनिटांनी. नीट भाग न जाणारा आकडा `/` च्या पुढे लिहू नये. तारखा सरळ मोजून लिहाव्यात:

```
0 5 1,11,21 * * /home/dudh/bil.sh
```

पुढची अडचण याहून फसवी. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी साडेनऊला संचालकांसाठी अहवाल हवा होता. सहज सुचतं ते `30 9 1-7 * 1`, कारण पहिला सोमवार 1 ते 7 तारखेतच येतो. पण तारीख आणि वार या दोन्ही खान्यांत आकडे घातले तर लिनक्सवरचा नेहमीचा क्रॉन "दोन्ही जुळले तर" असं न धरता "दोन्हींपैकी एक जुळलं तरी" असं धरतो. सप्टेंबर 2025 घ्या. 1 तारखेला सोमवार होता. ही ओळ 1 ते 7 रोज चालली असती आणि वर 8, 15, 22, 29 या सोमवारीही. एका अहवालाऐवजी अकरा. म्हणून वार खान्यातून काढून कमांडमध्ये तपासायचा:

```
30 9 1-7 * * [ "$(date +\%u)" = 1 ] && /home/dudh/ahaval.sh
```

पहिले सात दिवस क्रॉन रोज उठतो, आज सोमवार आहे का बघतो आणि नसेल तर काही न करता सोडून देतो. `%` च्या आधीची उलटी रेघ विसरू नका. क्रॉनच्या ओळीत नुसता `%` आला की कमांड तिथेच तुटते. हीच कमांड टर्मिनलवर छान चालते आणि क्रॉनमध्ये नाही, तेव्हा मी आधी `%` शोधतो.

नंतर पहाटे वीज जाऊ लागली. बंद मशीनची हुकलेली वेळ क्रॉन नंतर भरून काढत नाही, म्हणून काम भाड्याच्या सर्व्हरवर नेलं. त्या सर्व्हरचं घड्याळ होतं यूटीसीवर, आपल्या साडेपाच तास मागे. आपली 1 तारखेची पहाटेची पाच म्हणजे तिथे आदल्या दिवसाची रात्रीची 23:30. तारीखच बदलली! 11 च्या जागी 10 आणि 21 च्या जागी 20 लिहिता येईल, पण 1 च्या जागी काय लिहिणार? आदला दिवस कधी 28, कधी 30, कधी 31. मशीन फक्त आपलंच असेल तर त्याचं घड्याळच भारतीय वेळेवर आणा आणि क्रॉन पुन्हा सुरू करा:

```
sudo timedatectl set-timezone Asia/Kolkata
sudo systemctl restart cron
```

तशी मुभा नसेल तर काम आपल्या साडेपाचनंतर ठेवा. तिथून पुढे मध्यरात्रीपर्यंत दोन्हीकडची तारीख एकच असते. बिलं सहाला चालत असतील तर `30 0 1,11,21 * *` लिहिलं की झालं.

नवी ओळ लिहिली की मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या दोन महिन्यांतल्या तिच्या तारखांवर पेन्सिलीने खुणा करतो. त्यातला एक महिना 31 दिवसांचा असेल असं बघतो. जूनमध्ये हे केलं असतं तर सचिवांचा फोन आला नसता. मग ठरलेली वेळ उलटल्यावर लॉग बघतो:

```
grep CRON /var/log/syslog
```

त्यात वेळ, युजर आणि `CMD` च्या पुढे आपली कमांड दिसते. ओळ बरोबर वेळेला आहे पण बिल निघालं नाही, तर दोष वेळापत्रकात नाही; स्क्रिप्टचा पत्ता किंवा परवानगी तपासा. ओळ भलत्याच वेळेला असेल तर आधी `date` टाइप करून मशीनचं घड्याळ बघा, मग पाच खाने पुन्हा उजवीकडून वाचा.