साहेब रिपोर्टबद्दल बोलले, तुम्हाला का लागलं? या चुका टाळा

‘पर्सनली घेऊ नकोस’ हा सल्ला बंद व्हायला हवा. मार्च संपला, अप्रेझलची बोलणी सुरू झाली की आमच्या अकाउंट्समध्ये जो तो एकमेकांना तो देत सुटतो. पण केबिनमधून कान लाल करून बाहेर आलेल्या पोराला त्याचा काडीचा उपयोग होत नाही. लागलेलं असतंच. ते का लागलं आणि आता त्याचं करायचं काय, हे त्याला कुणी सांगत नाही.

लागण्याचं कारण काही तुमचा नाजूक स्वभाव नाही. महिनाअखेरीला रात्री आठपर्यंत बसून काढलेला रिपोर्ट हा नुसता रिपोर्ट राहत नाही, त्यात आपण गुंतलेले असतो. शिवाय बोलणाऱ्याच्या हातात आपली पगारवाढ असते, त्यामुळे साधी सूचनाही निकालासारखी ऐकू येते. अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 मध्ये फीडबॅकवरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले होते. सरासरीने फीडबॅकचा फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी काम उलट बिघडलेलं निघालं. त्यांचं म्हणणं असं, की लक्ष कामावरून उडून ‘माझं काय, मी कसा’ याकडे वळलं की फीडबॅकचा जोर ओसरतो. मी ऑफिसात वर्षानुवर्षं बघतेय ते हेच.

चूक पहिली आणि सगळ्यात महाग: त्याच दिवशी उत्तर देणं

आमच्याकडे एक पोरगा होता. हुशार, टॅलीवर हात बसलेला. त्याच्याकडे येणी बाकीचा एजिंग रिपोर्ट असायचा, म्हणजे कुठल्या पार्टीकडे किती पैसे किती दिवसांपासून अडकलेत त्याची यादी. एका महिन्यात एका पार्टीच्या नावापुढे 90 दिवसांवरचे 4 लाख 60 हजार दिसले. मार्केटिंगच्या माणसाने तगादा लावायला फोन केला, तर पार्टीने त्यालाच झापलं: ‘3 लाख 80 हजारांचा माल रिजेक्ट होऊन तुमच्याकडे परत गेलाय, कसले पैसे मागता?’ परत आलेल्या मालाची क्रेडिट नोट, म्हणजे पार्टीच्या बाकीतून तेवढी रक्कम वजा करायची नोंद, टाकलेली होती, पण ती बिलाला न लावता ‘ऑन अकाउंट’, म्हणजे नुसती पार्टीच्या खात्यावर, सोडून दिली होती. पार्टीची एकूण बाकी बरोबर होती, पण बिलवार यादीत जुनं बिल तसंच उघडं पडलेलं.

साहेबांनी त्याला आत बोलावलं. मी तिथेच होते, म्हणून वाक्यं जशीच्या तशी सांगते. ‘क्रेडिट नोट बिलाला लावलेली नव्हती. मार्केटिंगला पार्टीकडून ऐकून घ्यावं लागलं. जरा लक्ष देऊन काम करत जा.’ आवाज चढलेला नव्हता. बोलणं संपलं आणि साहेब पुढच्या फाईलकडे वळले.

रात्री याने मेल पाठवला. लांबलचक. स्टोअर्सकडून रिजेक्शनचा कागद उशिरा येतो, आधीच्या महिन्यातही तसंच झालं होतं, मी सुट्टीच्या दिवशीही आलोय, आणि शेवटी ‘माझ्या प्रामाणिकपणावर शंका घेतली गेली याचं वाईट वाटतं’. सीसीमध्ये एचआर. प्रामाणिकपणाचा विषय त्या केबिनमध्ये कुणी काढलेलाच नव्हता. तो त्याच्या डोक्यात संध्याकाळभर शिजत राहिला आणि रात्री मेलमध्ये उतरला.

गंमत म्हणजे स्टोअर्सचा उशीर खरा होता. पण मेलमध्ये आपलं नाव बघून स्टोअर्सवाले उखडले, कागद कुठल्या तारखेला दिला यावर आठवडाभर जुंपली, आणि या सगळ्यात ती क्रेडिट नोट बिलाला लावायचं राहूनच गेलं. पुढच्या महिन्याच्या एजिंगमध्ये तीच पार्टी, तोच आकडा. या वेळी मात्र साहेबांचा आवाज चढला.

माझी सवय साधी आहे. त्या दिवशी तोंडाने फक्त ‘बघते आणि उद्या सांगते’ एवढंच. मेल लिहायचाच असेल तर वहीत लिहा, कारण वहीला ‘सेंड’चं बटण नसतं. नोकरीला सहा महिने झाले नाहीत तोवर सगळ्यांना आपली बाजू लगेच ‘रेकॉर्डवर’ आणायची घाई असते. कसलं रेकॉर्ड? सकाळी तो मेल वाचून अंगावर काटा येतो, तेवढंच.

चूक दुसरी: जे ऐकू आलं तेच बोललं गेलं असं धरून चालणं

बॉसच्या बोलण्यात बहुतेक वेळा तीन गोष्टी असतात: काय घडलं, त्याने काय झालं, आणि शेवटी एक मोघम शेपूट. वरच्या उदाहरणात पहिली दोन वाक्यं कामाची आहेत. ‘जरा लक्ष देऊन’ हे शेपूट, आणि तेच रात्रभर टोचतं, कारण त्यात क्रेडिट नोट नाही, नुसता माणूस आहे. बॉस मंडळी हे शेपूट सवयीने जोडतात. त्यांनी जोडू नये हे खरं, पण त्यांना शिकवणं तुमच्या हातात नाही.

मी कागद उभा दुमडून तीन रकाने करते. पहिल्यात बोललेले शब्द, जमतील तितके तसेच, त्याच दिवशी. दुसऱ्यात मला ऐकू आलं ते: ‘तू बेफिकीर आहेस’, ‘तुझ्यावर भरवसा नाही’. इथे लाजायचं नाही, जे वाटलं ते लिहायचं. तिसऱ्यात करायचं काम. पहिला आणि दुसरा रकाना शेजारी शेजारी वाचले की दुसऱ्यातलं किती आपल्या पदरचं आहे ते दिसतं. वाईट वाटणं लगेच जात नाही, पण त्याला त्याची जागा मिळते.

तिसरा रकाना त्या पोराने भरला असता तर काय आलं असतं? एजिंग काढण्याआधी ऑन अकाउंट पडलेल्या रकमांची यादी काढायची, प्रत्येक रक्कम कुठल्या बिलाची ते पार्टीच्या खात्यावरून बघून त्या बिलाला लावायची, मगच रिपोर्ट पाठवायचा. अर्ध्या तासाचं काम. आणि दुसऱ्या दिवशी चहानंतर एकच प्रश्न: ‘साहेब, पुढच्या वेळी ऑन अकाउंटची यादी तपासूनच पाठवतो. अजून काही बघायचं का?’ मोघम शेपटाचं करता येण्यासारखं काम होतं ते या प्रश्नाने. स्टोअर्सचा उशीरही सांगायचा, पण आपली दुरुस्ती करून झाल्यावर, वेगळा विषय म्हणून. आधी सांगितला की ती सबब ठरते.

बाकीच्या, थोडक्यात

कॅन्टीनमध्ये न्याय मागू नका. मित्र तुमच्याच बाजूने बोलणार, आणि तुमचं वाक्य संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावर पोचलेलं असणार.

‘सॉरी सर, सॉरी सर’ म्हणून सुटका करून घेणंही नको. नक्की काय चुकलं ते न समजता मागितलेली माफी पुढच्या महिन्यात पुन्हा मागावी लागते.

सगळं मान्य करून टाकणं ही शहाण्या मुलांची चूक. बॉसचा आकडाही चुकतो. लेजर उघडून दाखवा, शांतपणे.

आणि रील बघून तीन खोल श्वास घेतले की झालं, असं समजणाऱ्यांनो, श्वास जरूर घ्या. क्रेडिट नोट तरीही ऑन अकाउंटच असते.

खरंच हल्ला असेल तर?

असतोही. ओळखायची माझी खूण म्हणजे तोच तिसरा रकाना. ‘नक्की काय बदलू?’ असं नीट विचारूनही उत्तरात काम येत नसेल, फक्त तुमची अक्कल, तुमचं गाव, तुमचं शिक्षण किंवा तुमचं बाईपण येत असेल, आणि हे वरचेवर होत असेल, तर तो फीडबॅक नाही. तिथे पहिला रकाना तारखेसकट लिहून ठेवा, शब्द बदलू नका, समोर कोण होतं तेही लिहा. एचआरकडे जायचं ते हा कागद घेऊन. एचआरला तुम्हाला काय वाटलं यापेक्षा काय बोललं गेलं ते आधी लागतं.