मलमलच्या शर्टाला कोणती शिवण?

अस्तर नसलेल्या मलमलच्या शर्टात बगलेच्या सरळ शिवणीला मी फ्रेंच शिवणच घालते. दीड सेंटिमीटर माया सोडा. कापडाच्या उलट बाजू समोरासमोर ठेवून कडेपासून ६ मिलिमीटरवर टीप मारा, मग माया ३ मिलिमीटरपर्यंत कापा. ही कापणी टाळली तर सुलट बाजूला दोऱ्यांची कुसं डोकावू शकतात आणि मग शिवण पुन्हा उसवावी लागते. आता कापड उलटवून, इस्त्री फिरवून ९ मिलिमीटरवर दुसरी टीप मारा.

फ्लॅट-फेल्ड शिवण मजबूत खरी, पण तिची वरून दिसणारी टीप मलमलला चुण्या पाडते. ती पॉपलिनसाठी ठेवा.

मुंढ्याचं गणित वेगळं. बाहीचा माथा उंच असेल तर त्या गोलाईत फ्रेंच शिवण ताठ होते आणि ओढते. तिथे साधी शिवण घालून माया ६ मिलिमीटर ठेवा आणि त्याच मलमलची ३ सेंटिमीटर रुंद उरेब पट्टी तिच्यावर गुंडाळा. बाही जोडताना बगलेची आणि बाहीची फ्रेंच शिवण विरुद्ध दिशांना वळवा, म्हणजे काखेत गठ्ठा होत नाही.