सूत्राशेजारी अट लिहा

बडोद्यात बीएस्सी करणाऱ्यांनो, सेमिस्टरच्या वह्यांमधून सूत्रांचा कागद काढताना नुसती सूत्रं उतरवू नका. स्थिरविद्युतचंच घ्या. एका पानावर E = σ/2ε₀ असतं, पुढे कुठेतरी E = σ/ε₀. दोन्ही बरोबर. पहिलं अनंत भारित प्रतलासाठी, दुसरं वाहकाच्या पृष्ठभागालगत, बाहेरच्या बाजूला. वाहकाच्या आत क्षेत्र शून्य, त्यामुळे गाउसच्या डबीच्या एकाच टोकातून फ्लक्स बाहेर पडतो आणि 2 गळतो. ही अट आणि हे एका ओळीतलं कारण सूत्राच्या उजवीकडेच लिहा, वेगळ्या पानावर नको. नंतर उजवी बाजू झाकून ती ओळ स्वतः लिहून पाहा. एका सूत्राच्या जागी दुसरं वापरलं, तर ती चूक एककं तपासून सापडत नाही. 2 ला एककच नसतं.