हप्ता बाऊन्स झाल्याची नोटीस: ग्राहकाला पुढची पायरी कळेल अशी कशी लिहावी

कर्जाचा हप्ता खात्यातून आपोआप कापला गेला नाही, की वित्तसंस्थेकडून ग्राहकाला एक पान जातं. त्यातला मजकूर साधारण असा असतो:

> आपणास कळविण्यात येते की, आपल्या कर्ज खात्यावरील स्वयंचलित वसुली सूचना अपुऱ्या निधीअभावी अनादरित झाली आहे. तरी सदर नोटीस प्राप्त होताच थकबाकीचा भरणा त्वरित करावा, अन्यथा नियमानुसार कारवाई करण्यात येईल.

हे वाचून काहीतरी बिघडलंय एवढंच कळतं. किती पैसे भरायचे, कुठे, कोणत्या तारखेपर्यंत, आणि पुढच्या महिन्यात पुन्हा हेच होऊ नये म्हणून काय करायचं, यातलं काहीच त्यात नाही. अशा ग्राहकाचा पुढचा हप्ताही बाऊन्स झाला, तर त्यात या कागदाचाही वाटा असतो. म्हणून तो बदलायचा कसा, ते एका उदाहरणावरून पाहू.

समजा सोलापुरात अशोक चौकाजवळ राहणाऱ्या, घरी युनिफॉर्म शिवणाऱ्या एका बाईंनी शिलाई मशीनसाठी कर्ज घेतलं आहे. हप्ता 4,350 रुपये, दर महिन्याच्या 5 तारखेला बचत खात्यातून कापला जातो. 5 जून 2026, शुक्रवारी तो कापला गेला नाही. पुढचा हप्ता 5 जुलैला आहे. म्हणजे आपल्या नोटिशीच्या हातात बरोबर एक महिना आहे.

आधी कारण शोधा

लिहायला बसण्याआधी वसुली विभागाकडून दोन गोष्टी विचारून घ्या. पहिली, हप्ता परत येण्याचं कारण. अशी कपात बहुधा नॅचमधून होते. ती यंत्रणा नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशन ऑफ इंडिया चालवते, आणि हप्ता परत आला की ग्राहकाची बँक त्याचं कारणही कळवते. जुन्या नोटिशीत सरसकट ‘अपुरा निधी’ छापलेलं असतं, पण प्रत्येक वेळी ते खरं नसतं.

खात्यात पैसे कमी असतील तर पैसे ठेवणं हा उपाय आहे. खातं बंद झालं असेल तर त्यात पैसे ठेवा म्हणणं निरर्थक. तिथे दुसऱ्या खात्यावर नवीन मँडेट, म्हणजे खात्यातून हप्ता कापायची परवानगी, करून घ्यावं लागेल. मँडेट नोंदवून मंजूर व्हायला काही दिवस जातात. ते 5 जुलैआधी झालं नाही, तर जुलैचा हप्ता हाताने भरावा लागेल, हे नोटिशीत आधीच सांगा. केवायसी राहिल्यामुळे खातं गोठलं असेल तर ग्राहकाला आपल्या शाखेत बोलावू नका. ते काम त्याच्या बँकेतच होतं, म्हणून ‘आधार, पॅन घेऊन तुमचं बचत खातं असलेल्या बँकेत जा’ असं स्पष्ट लिहा. मँडेट ग्राहकाने स्वतःच रद्द केलं असेल तर आधी फोन करून बोला. कधी त्याने बँक बदललेली असते, कधी कपातीबद्दल त्याची तक्रार असते. प्रत्येक कारणासाठी वेगळा मजकूर तयार ठेवणं हाच यावर इलाज आहे. चार मजकूर म्हणजे फार मोठं काम नाही.

दुसरा प्रश्न त्याहून महत्त्वाचा: हाच हप्ता संस्था खात्यातून पुन्हा कापायचा प्रयत्न करणार आहे का? करणार असेल तर कोणत्या तारखेला? हे न सांगितल्यामुळे ग्राहकाला चांगलाच फटका बसतो. नोटीस मिळताच तो घाईने यूपीआयने हप्ता भरतो आणि दुसऱ्या दिवशी संस्था तोच हप्ता खात्यातून मागते. खात्यात पैसे असले तर दोनदा कापले जातात, नसले तर दुसऱ्यांदा बाऊन्स होऊन आणखी एक चार्ज लागतो. ज्याने वेळेवर दखल घेतली त्यालाच ही शिक्षा होते. म्हणून ‘10 जूनला पुन्हा कापू, तुम्ही वेगळे भरू नका’ किंवा ‘पुन्हा कापणार नाही, तुम्हीच भरा’ यातलं एकच वाक्य नोटिशीत असलं पाहिजे. आपल्या उदाहरणात संस्था पुन्हा कापणार नाही.

आकडा एकच, पण फोड करून

जूनचा हप्ता 4,350 आणि संस्थेचा बाऊन्स चार्ज समजा 300. भरायचे एकूण 4,650. ही बेरीज ग्राहकावर सोडू नका. एकूण रक्कम मथळ्यात आणि फोड खाली, असं लिहा. चार्ज का लागला हेही लिहायचं आहे. रिझर्व्ह बँकेच्या नियमांनुसार बँका आणि वित्त कंपन्यांनी कर्जाच्या अटी पाळल्या न गेल्याची आठवण पाठवताना लागू होणारे दंडात्मक आकार कळवायचे असतात. ते लावले तर त्याचं कारणही सांगायचं असतं. नागरी सहकारी बँकाही यात येतात. ‘नियमानुसार आकार’ एवढ्यावर भागत नाही.

आता जो भाग जवळपास कुणीच लिहीत नाही, तो. हप्ता परत गेला की ग्राहकाची स्वतःची बँकही त्याला चार्ज लावते. तो बँकेनुसार बदलतो. इथे 250 आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 295 रुपये धरू. खात्यात त्या वेळी पुरेसे पैसे नसतील, तर बँक हा चार्ज बाकी ठेवते आणि पैसे जमा होताच वसूल करते. बाईंनी 4 जुलैला खात्यात नेमके 4,350 रुपये जमा केले, असं समजा. त्यातून 295 गेले, उरले 4,055. दुसऱ्या दिवशी 4,350 मागितले गेले आणि हप्ता पुन्हा बाऊन्स. बाईंनी सांगितलं तसंच केलं होतं, चुकलं ते सांगणाऱ्याचं.

संस्थेला ग्राहकाच्या खात्यातली शिल्लक दिसत नाही, त्याच्या बँकेचा चार्जही दिसत नाही. त्यामुळे नेमका आकडा आपण देऊ शकत नाही. पण हप्त्यापेक्षा थोडी जास्त रक्कम ठेवा, हे कारणासकट सांगू शकतो. 4,350 च्या हप्त्याला ‘किमान 5,000’ हा आकडा पुरेसा आणि लक्षात राहणारा आहे.

तारखेबरोबर वार आणि वेळ

5 जुलै 2026 ला रविवार आहे. ‘बँकेला सुट्टी, सोमवारी कापतील’ असा समज बाजारात पक्का आहे, पण 1 ऑगस्ट 2021 पासून नॅच रविवारी आणि सुट्टीच्या दिवशीही चालू असतं. शिवाय कपातीची मागणी सकाळी लवकरच पोहोचू शकते, त्यामुळे 5 तारखेला दुपारी पैसे भरणाऱ्याला उशीर झालेला असतो. म्हणून मुदत 5 तारीख लिहू नका. ‘शनिवार, 4 जुलै, संध्याकाळपर्यंत’ असं लिहा.

एवढं हाती आलं की मजकूर असा होतो:

> जूनचा हप्ता मिळाला नाही. 15 जूनपर्यंत ₹4,650 भरा.
>
> नमस्कार,
>
> तुमच्या शिलाई मशीन कर्जाचा (कर्ज खात्याचे शेवटचे अंक 2718) ₹4,350 चा हप्ता 5 जूनला तुमच्या बचत खात्यातून कापला गेला नाही. तुमच्या बँकेने दिलेलं कारण: खात्यात पुरेशी रक्कम नव्हती.
>
> आता काय करायचं: सोमवार, 15 जूनपर्यंत ₹4,650 भरा. यात हप्ता ₹4,350 आणि हप्ता परत गेल्याबद्दल करारातला चार्ज ₹300 आहे. पैसे शाखेत रोख भरा किंवा तुमच्या कर्ज पुस्तिकेवर छापलेल्या यूपीआय क्यूआरवर भरा. जूनचा हप्ता आम्ही खात्यातून पुन्हा कापणार नाही, म्हणून हे पैसे बचत खात्यात ठेवून चालणार नाही. 15 जूननंतर करारातला ₹100 उशिराचा दंड वाढेल.
>
> पुढच्या हप्त्याआधी: जुलैचा ₹4,350 चा हप्ता रविवार, 5 जुलैला खात्यातून कापला जाईल. सुट्टी असली तरी कापला जातो. शनिवार, 4 जुलै संध्याकाळपर्यंत बचत खात्यात किमान ₹5,000 ठेवा. हप्ता परत गेल्याचा चार्ज तुमची बँकही आधी कापून घेऊ शकते, म्हणून ही रक्कम हप्त्यापेक्षा जास्त सांगितली आहे.
>
> इतके पैसे जमत नसतील तर 15 जूनच्या आत शाखेत या किंवा कर्ज पुस्तिकेवरच्या नंबरवर फोन करा. यासाठी तुम्हाला कुणीही ओटीपी किंवा पिन विचारणार नाही.

यात कारवाईची धमकी नाही, आणि ती मुद्दाम वगळली आहे. पैसे कमी असल्यामुळे हप्ता परत गेला तर पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, 2007 च्या कलम 25 खाली संस्थेला कोर्टात जाता येतं. पण ती कायदेशीर नोटीस वेगळी असते: बँकेकडून कळल्यापासून 30 दिवसांत ती लेखी द्यावी लागते आणि ती मिळाल्यावर ग्राहकाला 15 दिवस मिळतात. ती वकिलाने लिहावी. माहितीच्या पानात तिची दोन वाक्यं मिसळली तर कायद्याचं काम होत नाही, आणि घाबरलेला माणूस फोन उचलणंही बंद करतो.

वाचून घ्या

सोलापुरात बऱ्याच घरांत बोलणं तेलुगू किंवा कन्नडमध्ये चालतं आणि मराठी कागद शाळेत जाणारं पोर वाचून दाखवतं. म्हणून मजकूर डोळ्यांनी नव्हे, कानांनी तपासा. कर्ज विभागाबाहेरच्या कुणाला तो एकदा मोठ्याने वाचून दाखवा, कागद बाजूला ठेवा आणि विचारा: आता किती भरायचे, कुठे भरायचे, आणि 4 जुलैला खात्यात किती हवेत? 4,650 आणि 5,000 यांची अदलाबदल झाली तर दोन परिच्छेद नीट वेगळे झालेले नाहीत; मधे जागा सोडा, ठळक शब्द पुढे आणा. ‘मँडेट’ या शब्दाशी ऐकणारा अडला तर ‘खात्यातून हप्ता कापायची तुम्ही दिलेली परवानगी’ असं लिहा.

एसएमएस

हेच एसएमएसने कळवायचं असेल तर जागा फार कमी आहे. देवनागरी एसएमएस 70 अक्षरांचा असतो, काना-मात्राही त्यात मोजल्या जातात, आणि मोठा संदेश 67-67 च्या तुकड्यांत मोजला जातो. मजकूर बदलला की डीएलटी या दूरसंचार कंपन्यांच्या नोंदणी यंत्रणेवर टेम्पलेट नव्याने मंजूर करून घ्यावं लागतं, हे वेळापत्रकात धरा. एका एसएमएसमध्ये एकच काम सांगा. बाऊन्स झाल्यावर लगेच पहिला, संस्थेच्या नावासह:

> 5 जूनचा हप्ता कापला गेला नाही. 15 जूनपर्यंत ₹4,650 शाखेत किंवा कर्ज पुस्तिकेवरील क्यूआरवर भरा.

आणि दुसरा गुरुवारी, 2 जुलैला, म्हणजे बँक उघडी असलेले दोन दिवस हातात असताना:

> रविवारी 5 जुलैला ₹4,350 हप्ता कापला जाईल. शनिवार संध्याकाळपर्यंत खात्यात ₹5,000 ठेवा.