बाहेरून कोरडं पार्सल आत ओलं का निघतं? पावसाळी पॅकिंगमधल्या या चुका टाळा

"साडी दमट आली, वास येतोय" असा मेसेज आला की पहिला संशय कुरिअरवाल्यावर जातो. त्याला फोन लावण्याआधी ग्राहकाकडून दोन फोटो मागवा, एक पिशवीचा आणि एक कापडाचा. कापडावर कडेला गडद रेघ असलेला डाग दिसला, तर पाणी बाहेरून शिरलंय. डाग कुठेच नाही, पण कापड सगळीकडे सारखंच गार लागतंय, कुबट वास आहे किंवा बारीक करडे ठिपके पडलेत, तर ती ओल तुमच्याच घरातून पिशवीत बंद होऊन गेली. या दुसऱ्या प्रकारावर पिशवी कितीही जाड घेतली तरी उपयोग नाही.

चूक पहिली: पुडी टाकली की झालं

सिलिका जेलची एक ग्रॅमची पुडी टाकून निर्धास्त होणारे बरेच आहेत. जरा हिशोब करू. समजा डोंबिवलीतून एक सुती साडी पाठवायची आहे, पूर्ण कोरडी असताना वजन ६०० ग्रॅम. सुती कापड हवेतली वाफ धरून ठेवतं. हवेची आर्द्रता ६५ टक्क्यांच्या आसपास असेल तर त्यात साधारण ५० ग्रॅम पाणी असतं, आणि ते हाताला जाणवतही नाही. जुलैत आर्द्रता ९० टक्क्यांवर राहिली की हेच पाणी ८० ग्रॅमच्या आसपास जातं. म्हणजे जवळजवळ ३० ग्रॅम जादा. सिलिका जेल आपल्या वजनाच्या साधारण चौथा हिस्सा पाणी घेतं. तेव्हा ही साडी नुसत्या जेलने सुकवायची तर १२० ग्रॅम जेल लागेल. एक ग्रॅमची पुडी पाव ग्रॅम पाणी घेऊन गप्प बसते. आधीच कोरडा माल कोरडा राखायला ती थोडी मदत करते, ओला माल सुकवणं तिच्या आवाक्यातलं नाही.

म्हणून सुकवायचं ते पिशवीत घालण्याआधी. पावसाळ्यात नुसता पंखा पुरत नाही, कारण तो तीच दमट हवा फिरवतो. हवा थोडी गरम झाली की तिची आर्द्रता खाली येते. २६ अंशांची ९० टक्के दमट हवा ३३ अंशांपर्यंत तापली की आर्द्रता साधारण ६० टक्क्यांवर येते. लहान खोलीत ड्राय मोडवर एसी किंवा डीह्युमिडिफायर असेल तर उत्तमच. नसेल तर कपाटात तापणारा, तारेचा पिवळा बल्ब लावून दार बोटभर उघडं ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल. बल्ब कापडापासून हातभर लांब आणि जाळीमागे हवा, आणि तो चालू ठेवून झोपायला किंवा बाहेर जायला नको.

सुकलं हे कसं कळणार? हाताला नाही कळत. स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर साडी कपाटात ठेवण्याआधी मोजा, मग दर दोन तासांनी मोजा. वजन उतरायचं थांबलं की माल तयार. तो लगेच पिशवीत घालून बंद करा. ओट्यावर रात्रभर उघडा ठेवलात तर निघालेलं पाणी परत येतं.

चूक दुसरी: इस्त्री झाली की लगेच पॅक

वाफेच्या इस्त्रीनंतर घडीच्या आतल्या थरात वाफ अडकलेली असते. गरम कपडा पिशवीत गेला की तीच वाफ थंड प्लास्टिकला आतून थेंब होऊन चिकटते. पिशवी दहा मिनिटांत धुरकट झाली तर उघडा, घडी मोडा, पुन्हा सुकवा. शर्टाला टोचलेल्या साध्या पोलादी टाचण्याही काढून टाका. गंजाचा तांबूस ठिपका ग्राहकाला ओलीचाच डाग वाटतो, आणि धुऊन जात नाही.

कागदाचा माल वेगळा

वह्या, लग्नपत्रिका, प्रिंट यांची ओल गठ्ठ्याच्या कडांपासून आत जाते. कडा फुगतात, मधला भाग तसाच राहतो, म्हणून कडेला लाटा पडतात. उलटंही होतं. दमट गठ्ठा एसी ऑफिसात उघडला की कडा आधी सुकून आकसतात आणि कागद वाटीसारखा वाकतो. कडेला लाटा असतील तर कागदाने वाटेत किंवा साठवणीत ओल घेतली, वाटी झाली असेल तर तो पॅक करतानाच दमट होता.

पत्रिका पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांत घट्ट धरा, मग पिशवीत घाला. इथे चूक अशी होते की पिशवीचं प्लास्टिक चांगलं असतं, पण पुठ्ठा भिंतीला टेकवून ठेवलेल्या जुन्या खोक्याचा असतो. तो आठवडाभर पाणी पीत बसलेला असतो आणि पिशवीत ते कागदाला देतो. पुठ्ठेही मालासोबत त्याच कपाटात सुकवा. भरावाला वर्तमानपत्र घालू नका. तेही दमट असतं, वर शाई लागते.

बाहेरच्या पावसासाठी एवढं पुरे: कुरिअर पिशवीच्या फ्लॅपवर एक आडवी टेप मारा आणि आतल्या पिशवीचं तोंड बाहेरच्या पिशवीच्या बंद टोकाकडे ठेवा. खोकं वापरत असाल तर टेप मारण्याआधी नखाने पुठ्ठा दाबून पाहा. खूण सहज उमटली तर तो दमट आहे. टेप त्याला धरणार नाही, वाटेतच सुटेल.