खर्चावर चढवलेले टक्के आणि विक्रीतून उरलेले टक्के

बाळा, आशीर्वाद.

आता दर लावायचं काम तुझ्याकडे येणार आहे, म्हणून एकच गोष्ट सविस्तर लिहितो. मार्कअप म्हणजे खर्चावर चढवलेले टक्के. मार्जिन म्हणजे गिऱ्हाइकाने दिलेल्या पैशांतून आपल्याला उरलेले टक्के. नफ्याचे रुपये तेच असतात, फक्त कोणत्या रकमेने भागायचं ते बदलतं. बाजारात दोन्हीला सर्रास ‘मार्जिन’ म्हणतात. त्यामुळे कुणी टक्के सांगितले की आधी विचार, खरेदीवर की विक्रीवर?

आपल्या कापडाचा एक शर्ट घे. सव्वादोन मीटर कापड 160 च्या भावाने 360 रुपये, कारागिराची मजुरी 180, बकरम, बटणं आणि धागा 30, काज आणि इस्त्री 30. एकूण 600. काज बाहेर करून घेतो म्हणून ते खर्चात धरायचं राहून जातं, तेवढं सांभाळ.

आता 600 वर 40 टक्के चढवले की 240 होतात आणि किंमत येते 840. इथे सगळे चुकतात, कारण हे 40 टक्के मार्जिन नव्हे. कटिंगच्या टेबलावर खडूने टेपभर, म्हणजे 60 इंचांची रेघ मार. तो खर्च. तिच्यापुढे 24 इंच वाढव. तो नफा. आता पूर्ण रेघ 84 इंचांची झाली आणि त्यातले 24 म्हणजे चौथ्या हिश्शाहून जरासेच जास्त, साधारण साडेअठ्ठावीस टक्के. नफा मिळवला की रेघच लांब होते, म्हणून तोच तुकडा टक्क्यांत लहान दिसतो. मार्जिन कायम मार्कअपपेक्षा कमी येतं ते यामुळेच.

खरोखर 40 टक्के मार्जिन हवं असेल तर बेरीज करू नकोस, भागाकार कर. 100 मधून 40 गेले, 60 उरले. खर्चाला 100 ने गुणायचं आणि 60 ने भागायचं. 600 चे 1000 होतात. टेबलावर ती रेघ 100 इंचांची होईल, 60 खर्च आणि 40 नफा. 840 आणि 1000 मधला 160 रुपयांचा फरक दर शर्टामागे जातो.

तोंडी हिशेबाला अपूर्णांक लक्षात ठेव. खर्चाचा चौथा हिस्सा चढवला तर विक्रीचा पाचवा हिस्सा उरतो, तिसरा चढवला तर चौथा, निम्मा चढवला तर तिसरा. खर्चाइतकंच चढवलं, म्हणजे किंमत दुप्पट केली, की मार्जिन बरोबर निम्मं.

सवलत देताना हीच चूक फार महाग पडते, म्हणून इथे थांबून वाच. ‘आपण 40 चढवलेत, सणाला 30 सोडले तरी 10 उरतात,’ असं मनातही आणू नकोस. चढवलेले 40 हे 600 चे आहेत, सोडलेले 30 मात्र 840 चे. 840 चे 30 टक्के 252 होतात. गिऱ्हाइकाकडून येतात 588 आणि शर्टाला लागलेत 600. म्हणजे पदरचे 12 रुपये घालून शर्ट दिला. नुसते 10 टक्के सोडले तरी हातात 756 येतात, उरतात 156, आणि मार्जिन साडेवीसवर येतं. सवलत नेहमी विक्रीच्या रकमेवर असते, म्हणून ती मार्जिनशीच ताडून बघायची. मार्कअपमधून ती वजा करता येत नाही.

दुकानभाडं, वीज, मशीनची दुरुस्ती हेही गल्ल्यातूनच जातं, म्हणून मी दर ठरवताना मार्जिनच धरतो. समज, महिन्याचा गल्ला एक लाख आणि हा वरखर्च 28,000. सगळा माल 40 टक्के चढवून विकला असेल तर नफा सुमारे 28,570 येतो आणि वरखर्च भागवून हाती 570 रुपये उरतात. गिऱ्हाइकांची रीघ असूनही घरी काही नेता येत नाही, त्याचं कारण असं असतं. महिन्याचा वरखर्च गल्ल्याच्या किती टक्के होतो ते आधी काढ. मार्जिन त्याहून जास्त हवं, आणि सवलत द्यायची असेल तर ती सोडूनही त्याहून जास्त उरायला हवं.

गिऱ्हाइकाने स्वतःचं कापड आणलं तर हेच टक्के लावू नकोस. कापड वगळून खर्च 240 राहतो. 40 टक्के मार्जिनने शिलाई 400 होईल आणि उरतील 160, पण माप, कटिंग आणि ट्रायलला वेळ तेवढाच जातो. तिथे टक्के बाजूला ठेव आणि त्या वेळाचे किती रुपये सुटायला हवेत ते धरून शिलाई सांग.

दराच्या वहीत प्रत्येक कपड्यापुढे खर्च, किंमत आणि उरलेले रुपये लिही. टक्के लिहिलेस तर शेजारी ‘खर्चावर’ किंवा ‘विक्रीवर’ हा शब्द हवाच. ब्लाउज आणि कुर्त्याचे दर असे मांडून ठेव, सोमवारी पाहीन.

तुझा मास्टर